मक्तेदाराला तोटा होतो तेव्हा

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मक्तेदारीचं प्रकरण निम्म्यावर आलं की एक वाद हमखास उठतो. बाजारात एकच विक्रेता असेल, तर तो नफ्यातच असणार ना? मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तसंच ठामपणे म्हणतो. "किंमत त्याच्या हातात आहे. खर्च वाढला तर तो दर वाढवेल. तोट्यात कशाला राहील?" पुढच्या बाकावरची एक विद्यार्थिनी मान हलवते. "दर त्याच्या हातात आहे, गिऱ्हाईक नाही."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद नुसत्या तोंडी उत्तरांनी मिटत नाही. मॅडम दोघांनाही फळ्यापाशी बोलावतात आणि उदाहरण ठरवायला सांगतात. विद्यार्थिनी तालुक्याच्या गावातलं एकमेव सीटी स्कॅन केंद्र घेते. पुढचं केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, दोन तासांवर. आकडे सोपे जावेत म्हणून मनाचेच धरले आहेत. दर ५००० रुपये ठेवला तर एकही रुग्ण इथे थांबत नाही, सगळे जिल्ह्याला जातात किंवा तपासणीच टाळतात. दर १०० रुपयांनी उतरवला की दिवसाला एक रुग्ण वाढतो. म्हणजे ४००० रुपयांना दहा, ३००० रुपयांना वीस. फळ्यावर ही मागणी डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी सरळ रेघ होते.

खर्च दोन प्रकारचा. प्रत्येक स्कॅनमागे फिल्म, औषध आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांची फी मिळून १००० रुपये. हा झाला बदलता खर्च. स्कॅन झाला नाही, तर तोही नाही. दुसरा खर्च यंत्राच्या कर्जाचा हप्ता, देखभालीचा करार, जागेचं भाडं आणि तंत्रज्ञांचे पगार यांचा. रुग्ण येवो न येवो, तो द्यावाच लागतो. तो दिवसाला ३०,००० रुपये धरू.

"आता दर किती ठेवायचा ते तूच ठरव," मॅडम विद्यार्थ्याला म्हणतात.

तो हिशेब मांडू लागतो. एकोणीस रुग्ण हवे असतील तर दर ३१०० आणि जमा ५८,९०० रुपये. विसावा हवा असेल तर दर ३००० करावा लागतो, तोही सगळ्यांसाठी. जमा होते ६०,००० रुपये. म्हणजे विसाव्या रुग्णाने ३००० रुपये मोजले, तरी गल्ल्यात भर पडली ती ११०० रुपयांचीच, कारण आधीच्या एकोणीस जणांना शंभर-शंभर रुपये सोडावे लागले. ही जास्तीची भर म्हणजे सीमांत प्राप्ती. विसाव्या स्कॅनचा खर्च १००० रुपये, म्हणून तो परवडतो. एकविसाव्यासाठी दर २९००, जमा ६०,९००. भर ९०० रुपयांची आणि खर्च हजाराचा. तो परवडत नाही. तेव्हा रुग्ण वीस आणि दर ३००० रुपये, इथेच थांबायचं.

आकृतीत सीमांत प्राप्तीची रेघ मागणीच्या रेघेखाली, दुप्पट वेगाने उतरते आणि १००० रुपयांवरच्या आडव्या सीमांत खर्चाच्या रेघेला विसावर छेदते. तिथून सरळ वर मागणीच्या रेघेपर्यंत गेलं की दर मिळतो. आतापर्यंत नफ्याचं नावही निघालेलं नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. विद्यार्थी सर्वांत फायदेशीर संख्या शोधतात आणि ती सापडली की फायदा झालाच असं समजतात.

नफा पाहायला तिसरी रेघ लागते, सरासरी खर्चाची. वीस रुग्णांवर ३०,००० रुपये वाटले की माणशी १५०० येतात. त्यात बदलते १००० मिळवले की २५००. दर ३०००, सरासरी खर्च २५००, प्रत्येक स्कॅनमागे ५०० रुपये उरले. ५०० उंचीचा आणि वीस रुंदीचा चौकोन रंगवला की दिवसाचा नफा मिळतो, १०,००० रुपये. विद्यार्थी खुशीत खडू ठेवतो.

विद्यार्थिनी तोच खडू उचलते. "आता यंत्र महागडं घेतलंय. हप्ता मोठा आहे. स्थिर खर्च दिवसाला ५०,००० धर."

मागणीची रेघ तिथेच राहिली आणि सीमांत खर्चाचीही. दोन्ही न हलल्यामुळे सर्वांत फायदेशीर संख्या वीसच राहते आणि दरही ३०००च. सरासरी खर्चाचा वक्र मात्र वर सरकतो. वीस रुग्णांवर ५०,००० वाटले की माणशी २५००, त्यात १००० मिळवून ३५००. आता चौकोन दराच्या रेघेच्या वर येतो. तितकाच मोठा, पण तोट्याचा. दिवसाला १०,००० रुपये खिशातून जातात.

"मग दर वाढव ना!" विद्यार्थी म्हणतो. त्याच्या मूळ दाव्याचा कस इथेच लागतो, म्हणून मॅडम त्यालाच आकडे भरायला लावतात. दर ४००० केला तर रुग्ण उरतात दहा. प्रत्येकामागे बदलता खर्च वजा जाता ३००० उरतात, म्हणजे ३०,००० रुपये. स्थिर खर्च ५०,०००. तोटा दुप्पट होऊन २०,००० झाला. दर ३५०० केला तर पंधरा रुग्ण आणि तोटा १२,५००. बरं, उलट दर उतरवून पाहू. २५०० रुपयांना पंचवीस रुग्ण, तोटा पुन्हा १२,५००. कुठूनही गेलं तरी सर्वांत कमी तोटा ३०००वरच. सरासरी खर्चाचा अख्खा वक्र मागणीच्या रेघेच्या वर आहे. दोन्ही कुठेच एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून खर्च भरून निघेल असा एकही दर अस्तित्वात नाही.

दर लावायचा अधिकार मक्तेदाराकडे असतो. पण त्या दराला किती जण येतील हे मागणीच्या रेघेनेच ठरतं. त्याला त्या रेघेवरचा कोणताही एक बिंदू निवडता येतो, रेघेबाहेरचा नाही.

विद्यार्थी लगेच हार मानत नाही आणि त्याची पुढची शंका चांगली आहे. "रोज दहा हजार जात असतील तर तो केंद्र बंद करेल. म्हणजे तोट्यातला मक्तेदार उरलाच नाही!" विद्यार्थिनी आकृतीत १००० रुपयांच्या आडव्या रेघेवर बोट ठेवते. केंद्र बंद केलं म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. कुलूप लावलं तर रोजचा तोटा ५०,०००, चालू ठेवलं तर १०,०००. दर सरासरी बदलत्या खर्चाच्या वर आहे, म्हणजे प्रत्येक रुग्ण स्थिर खर्चातला काही भाग उचलतो आहे. तोवर चालू ठेवण्यातच शहाणपण आहे. दीर्घकाळाचं गणित वेगळं. यंत्र बदलायची वेळ आली, करार संपले, की स्थिर खर्च पुन्हा नव्याने अंगावर घ्यायचा की नाही हे त्याच्या हातात येतं. तेव्हा तो निघून जाईल आणि गावात एकही केंद्र उरणार नाही. विद्यार्थ्याचं म्हणणं दीर्घकाळापुरतं निम्मं खरं ठरतं. टिकलेला मक्तेदार तोट्यात नसतो, पण नफ्यात असेलच असंही नाही.

ही मधली स्थितीही फळ्यावर दिसते. स्थिर खर्च ४०,००० धरला की वीस रुग्णांवर सरासरी खर्च बरोबर ३००० येतो आणि वक्र मागणीच्या रेघेला एकाच बिंदूवर जेमतेम टेकतो. चौकोन नाहीसा होतो. याला शून्य नफा म्हणतात, आणि या शब्दांनी अनेकांचा गोंधळ होतो. अर्थशास्त्राच्या हिशेबात मालकाच्या श्रमाचा आणि त्याने गुंतवलेल्या पैशाचा मोबदलाही खर्चातच धरलेला असतो, त्याला सामान्य नफा म्हणतात. त्यामुळे शून्य नफ्यातल्या मालकाचं घर नीट चालतं. त्याचा पैसा दुसरीकडे लावला असता तर जेवढं मिळालं असतं, तेवढंच इथे मिळतं.

मग "मक्तेदारी म्हणजे नफा" हे समीकरण इतकं घट्ट का बसतं? एक कारण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आहे. तिथे सरासरी खर्चाचा वक्र बहुतेक वेळा मागणीच्या रेघेखालून नेलेला असतो आणि विद्यार्थी तीच एक आकृती परीक्षेसाठी घोटतात. मक्तेदारीचं गणित १८३८ साली पहिल्यांदा नीट मांडणाऱ्या ऑगस्टीन कुर्नो या फ्रेंच विद्वानाने तर सुरुवातीला खर्चच नसलेला खनिज पाण्याचा झरा घेतला होता. अशा झऱ्याचा मालक तोट्यात जाणार तरी कसा? प्रत्येक शिक्षकाने तिन्ही आकृत्या एकाच फळ्यावर, शेजारी शेजारी काढायला हव्यात.

फळ्यावरचं हे चित्र प्रत्यक्षातही दिसलं आहे. मोटोरोला कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इरिडियमने ६६ उपग्रह कक्षेत सोडले आणि नोव्हेंबर १९९८मध्ये सेवा सुरू केली. वाळवंट असो की भर समुद्र, पृथ्वीवर जवळपास कुठूनही लागणारा आणि हातात धरता येणारा फोन तेव्हा दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. पण उभारणीला सुमारे ५०० कोटी डॉलर लागले होते. फोनची किंमत ३००० डॉलरच्या घरात, बोलायचे दर मिनिटाला काही डॉलर, आणि इमारतीच्या आत तो धड लागत नसे. योजना आखली गेली तेव्हापासून साधे मोबाइल शहराशहरांत पोचले होते, त्यामुळे मागणीची रेघ आधीच डावीकडे सरकली होती. सेवा सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत, ऑगस्ट १९९९मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यापुढची गोष्ट विद्यार्थिनीच्या बाजूने आणखी बोलते. २०००च्या अखेरीस नव्या मालकांनी हेच उपग्रह सुमारे अडीच कोटी डॉलरना विकत घेतले, मूळ खर्चाच्या दोनशेव्या हिश्शात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं कंत्राट मिळालं, दर उतरले आणि सेवा सुरू राहिली. पुढे ती फायद्यातही आली. मागणीत संरक्षण खात्याची भर पडली हे खरं, पण त्याच उपग्रहांच्या मालकीचा बोजा दोनशे पटींनी हलका झाला होता. फळ्यावर ५०,०००चे ३०,००० केले की जे होतं, त्याचंच हे फार मोठं रूप.

तास संपता संपता विद्यार्थी शेवटची वाट शोधतो. सगळ्यांना एकच दर कशाला? ज्याला ४५०० परवडतात त्याच्याकडून ४५००, ज्याला २००० त्याच्याकडून २०००. ही वाट खरी आहे. प्रत्येकाकडून त्याच्या कमाल तयारीइतका पैसा घेता आला, तर मागणीच्या रेघेखालचा आणि १००० रुपयांच्या रेघेवरचा अख्खा त्रिकोण केंद्राचा होतो. चाळीस रुंद, ४००० उंच, म्हणजे ८०,००० रुपये. ५०,००० वजा केले तरी दिवसाला ३०,००० उरतात. तोट्यातलं केंद्र एका झटक्यात नफ्यात!

"पण त्यासाठी कोणाची ऐपत किती हे कळायला हवं," विद्यार्थिनी म्हणते. तालुक्याच्या गावात एकाने २००० दिल्याचं दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत कळतं, आणि मग ४५०० कोण देईल? प्रत्यक्षात जमतात ते दोन-तीन दर. रात्रीच्या तातडीच्या स्कॅनला जास्त, धर्मादाय रुग्णालयाने पाठवलेल्या रुग्णाला कमी. त्यातून तोट्याचे १०,००० भरून निघतील की नाही, हे काढायला दोघांनाही चौथी आकृती लागणार आहे. मॅडम फळ्याचा उरलेला कोपरा पुसून देतात.