डाळीची वाटी, पिठाची वाटी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आईचा उजवा हात मनगटात मोडला आणि प्लॅस्टरमध्ये गेला. चकल्या-चिवड्याचे मी बघणार होते, पण बेसनाचे लाडू आमच्याकडे फक्त आईचे. त्यामुळे त्या वर्षी ते करायचे काम माझ्या लेकीकडे आले. ती नववीत आहे. आजी खुर्चीत बसून सांगणार आणि ही ओट्याशी उभी राहून करणार, असे ठरले.

आईचे प्रमाण तोंडपाठ आहे. तिच्या आईकडून, म्हणजे वाईच्या माझ्या आजीकडून आलेले : "शेराला शेर साखर, अच्छेर तूप." अच्छेर म्हणजे अर्धा शेर. घर लहान झाले तसे शेराच्या जागी वाटी आली. आईने नातीला सांगितले, "दोन वाट्या पीठ घे, दोन वाट्या साखर मिक्सरला फिरव, आणि तूप निम्मं, एक वाटी." लेकीने दुकानातून आणलेल्या बेसनाच्या दोन वाट्या भरून घेतल्या, डब्यातली साखर दोन वाट्या घेऊन दळली आणि वितळलेल्या तुपाची वाटी काठोकाठ मोजली. सांगितल्याच्या बाहेर तिने काही केले नाही.

बेसन तुपात भाजताना काय दिसायला हवे, ते आईने आधीच सांगून ठेवले होते. सुरुवातीला पीठ तूप पिते आणि कढईला चिकटून राहते, उलथने जड जाते. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे परतत राहिले की पीठ हळूहळू तूप सोडते, हाताला हलके लागते, रंग बदामी होतो आणि वास घरभर जातो. त्या दिवशी मात्र पीठ पहिल्यापासूनच सैल होते. भाजून झाले तेव्हा कढईत जाडसर रश्शासारखे काहीतरी तयार झाले होते आणि तुपाचा थर वर वेगळा दिसत होता. कोमट झाल्यावर साखर मिसळली तरी ते आळेना. थंड झाल्यावर लाडू कसेबसे वळले गेले, पण ताटात ठेवल्यावर पाच मिनिटांत पेढ्यासारखे बसके झाले. आईने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "साखर फार पुढे आलीय गं."

लेकीचा चेहरा पडला. आईने तिला जवळ घेतले. "तुझं काही चुकलं नाही बाळा. पीठ नुसतं कोरडंच भाज, निवू दे आणि यात मिसळत जा. लाडू उभा राहीपर्यंत." लेकीने एक वाटी पीठ भाजून घातले. जरा बरे वाटले, पण पुरे पडेना. आणखी एक वाटी घातल्यावर मिश्रण हाताला लागेनासे झाले, लाडू गोल राहिला आणि चवही ओळखीची आली. सगळ्यांनी हुश्श केले. आईने एव्हाना फराळाच्या ताटांचा विषय काढलाही होता.

लेक मात्र तिथेच अडकली. दुरुस्तीला बरोबर दोन वाट्या पीठ लागले होते, म्हणजे जेवढे आधी घेतले होते तेवढेच. "चिमूटभर कमी-जास्त झालं असतं तर मुठीभर पिठात भागलं असतं ना," ती म्हणाली. "आपण पीठ निम्मंच घेतलं होतं. एवढं मोठं चुकतं कसं?"

तिचा पहिला संशय शेरावर. जुना वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पर्यंत बाजारातून शेर गेला, किलो आला. शब्द मात्र मागे राहिले. आज आपण पावशेर म्हणतो तेव्हा मनात २५० ग्रॅम असतात, जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता. लेकीने हे वहीत मांडले आणि स्वतःच खोडले. फरक जेमतेम सात टक्क्यांचा, इथे तर दुपटीचा घोटाळा. शिवाय डाळ, साखर आणि तूप तिन्ही एकाच शेराने मोजली असतील, तर शेर लहान असो की मोठा, लाडू फक्त कमी-जास्त होतील. त्यांचे आपसातले प्रमाण तेच राहील. हे तिचे बोलणे मला फार आवडले. माप बदलल्याने प्रमाण बिघडत नाही. मापात भरायची वस्तू बदलली तरच बिघडते.

मग तिने घरातली तीच वाटी काट्यावर ठेवली. आमच्या वाटीत २०० मिलिलीटर पाणी मावते. बेसन चाळून, न दाबता भरले तर ८८ ग्रॅम. डब्यातली साखर भरली तर १७२. तीच साखर दळून भरली तर ११२. वितळलेले तूप १८०. आकडे समोर आल्यावर आम्हां सगळ्यांना उमगले. दिसायला सारख्या दोन वाट्या, पण साखरेची वाटी पिठाच्या वाटीच्या जवळजवळ दुप्पट जड. पीठ चाळले की त्याच्या कणांत हवा शिरते. साखरेचा दाणा भरीव. म्हणजे त्या दिवशी कढईत १७६ ग्रॅम बेसनाला ३४४ ग्रॅम साखर आणि १८० ग्रॅम तूप पडले होते. इतके तूप एवढेसे पीठ कुठून पिणार?

"आजी, मग तुझे लाडू आजवर बिघडले कसे नाहीत?" हा प्रश्न तिने विचारला आणि आई विचारात पडली. हळूहळू तिने जे सांगितले त्यात उत्तर होते. ती कधी मापून करतच नाही. तूप थोडे घालते, पीठ कोरडे वाटले तर चमचाभर आणखी. साखर दळून परातीत घेते आणि चव बघत मिसळते, उरलेली परत डब्यात जाते. दरवर्षी साखर उरते, हे तिला माहीत होते. का उरते, हे कधी तिच्या मनात आले नव्हते. तोंडातले प्रमाण एक आणि हातातले दुसरे, आणि लाडू नेहमी हाताने ठरवले.

"तुझी आई पीठ कुठल्या भांड्याने मोजायची?" लेकीने विचारले.

"पीठ?" आई म्हणाली. "पीठ कशाला मोजेल ती? डाळ मोजायची. शेरभर हरभऱ्याची डाळ भाजायची, मग जात्यावर रवाळ काढायची. जेवढं निघेल तेवढं पीठ..." आणि ती मध्येच थांबली. नातीकडे बघत राहिली.

"शेराला शेर साखर" या ओळीत कशाचा शेर ते कुठेच नाही. वाईच्या त्या स्वयंपाकघरात ते सांगायची गरजही नव्हती, समोर सुपात डाळच असायची. पुढे आईचे लग्न झाले, जाते सुटले, तयार बेसन घरात येऊ लागले, आणि त्या ओळीतल्या रिकाम्या जागेत डाळीच्या ऐवजी पीठ येऊन बसले. आकडा आईने जसाच्या तसा सांभाळला होता. चूक झाली ती एका न उच्चारलेल्या शब्दाची.

लेकीने तेही तपासून पाहिले. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ भरली ३३६ ग्रॅम, म्हणजे वाटीला १६८. साखरेच्या वाटीच्या अगदी जवळ. डाळ मंद आचेवर भाजून गिरणीतून रवाळ दळून आणली, तर त्याच वाटीने साडेतीनच्या वर वाट्या पीठ भरले. डाळ आणि साखर दोन्ही दाणेदार असताना वाटी आणि काटा एकच गोष्ट सांगतात. एक भाग डाळ, एक भाग साखर, अर्धा भाग तूप. वाटीने मोजा की वजनाने, फार फरक पडत नाही. जुन्या प्रमाणाचे शहाणपण त्यातच होते. डाळीचे पीठ झाले की वाटी फसवते. आणि आदल्या आठवड्यात चाचपडत घातलेल्या त्या दोन वाट्या पिठानंतर कढईत किती काय होते, ते तिने मोजले : बेसन ३५२ ग्रॅम, साखर ३४४, तूप १८०. पणजीचेच प्रमाण. आईने नुसत्या बोटांच्या अंदाजाने तिला नेमके तिथे आणून सोडले होते.

ही फसगत फक्त आमच्या घरची नसावी असे मला वाटते. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याचे माप घराघरांत रुळले. ते सोयीचेच आहे. पण मराठीत "एक वाटी साखर दळून" आणि "एक वाटी दळलेली साखर" यांत शब्द तेच असतात, जागा तेवढी बदलते. आमच्या वाटीने त्यात ६० ग्रॅमचा फरक पडतो. आजी-आईकडून प्रमाण उतरवून घेताना हे आवर्जून विचारावे : मोजायचे ते दळण्याआधी की नंतर? तूप घट्ट की पातळ? घट्ट तूप चमच्याने भरले तर मध्ये पोकळ्या राहतात, शिगेवर भरले तर जास्त येते.

वजन केले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. बारीक बेसन रवाळ पिठापेक्षा जास्त तूप पिते. म्हणून सांगितलेल्या तुपातले पाऊण आधी घालावे आणि उरलेले भाजता भाजता, पीठ मागेल तसे. साखर मिश्रण कोमट झाल्यावर. आईचे हात हेच करत होते, फक्त तिने ते कधी शब्दांत सांगितले नव्हते.

प्लॅस्टर निघाल्यावर आईने वाईला मावशीला फोन लावला, स्पीकरवर. "अगं, आई लाडवाला काय मोजायची, डाळ की पीठ?"

"डाळच की," मावशी म्हणाली. "मी अजून डाळच भाजते आणि गिरणीत दळून आणते. का गं?"

"शेराला शेर साखर?"

"हो, आणि अच्छेर तूप."

बहिणींची ओळ अक्षरशः तीच होती. मावशीच्या घरी जाते गेले, पण मोजायची डाळच राहिली, म्हणून तिची साखर कधी उरली नाही. फोन ठेवल्यावर आईने लेकीची वही मागून घेतली. हात अजून आखडलेला होता. वाकड्या अक्षरात तिने पहिल्या ओळीतला 'पीठ' शब्द खोडला आणि वर लिहिले, 'डाळ'. खाली लेकीने भर घातली : डाळ दोन वाट्या, किंवा तयार बेसन चाळून चार वाट्या. साखर दोन वाट्या, मग दळणे. तूप पातळ, एक वाटी, थोडे मागे ठेवून. आणि कंसात वाटीचे माप, २०० मिलिलीटर.