चौदा कोअर, दोन हजार रुपये

मार्च 2016 मध्ये इंटेलने झिऑन ई5-2680 व्ही4 हा सर्व्हरचा प्रोसेसर आणला, तेव्हा त्याची यादीतली किंमत 1,745 डॉलर होती. आज तोच प्रोसेसर, वापरलेला, दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड. त्याच्यासोबत चिनी बनावटीचा पाच-सहा हजारांचा बोर्ड घ्यायचा, सर्व्हरमधूनच उतरलेली स्वस्त रॅम टाकायची, की ‘वर्कस्टेशन’ तयार, असं गणित सध्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओंपासून थ्रीडी शिकणाऱ्या मुलांपर्यंत बरेच जण मांडतात. गणितातली पहिली ओळ खरी आहे. पुढच्या ओळी कोणी नीट लिहीत नाही.

हा प्रोसेसर एवढा स्वस्त का, यात काही काळंबेरं नाही. मोठी डेटा सेंटर चार-सहा वर्षांनी सर्व्हर बदलतात. नव्या पिढीचा सर्व्हर तेवढ्याच विजेत जास्त काम करतो, म्हणून जुने हजारोंच्या संख्येने एकदम भंगारात निघतात. प्रोसेसर काढून विकले जातात, पण ते बसवायचे कशात? त्या पिढीचे मूळ बोर्ड एक तर महाग होते किंवा त्या-त्या कंपनीच्या सर्व्हरच्याच आकाराचे. ही अडचण शेनझेनच्या कारखान्यांनी ओळखली. हुआनानझी, मशिनिस्ट अशा नावांनी त्यांनी साध्या कॅबिनेटमध्ये बसतील असे नवे बोर्ड काढले, आणि 2011-3 सॉकेटचे जुने झिऑन पुन्हा कामाला लागले.

प्रोसेसरची भीती बाळगण्याचं फारसं कारण नाही. वातानुकूलित खोलीत चाललेला प्रोसेसर सहसा बिघडत नाही. फसवणूक होते ती वेगळ्या प्रकारे. कंपनीने चाचणीसाठी बनवलेले नमुने अस्सल माल म्हणून खपवले जातात. अस्सल ई5-2680 व्ही4 च्या धातूच्या टोपणावर `SR2N7` असा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. नमुन्यावर तो नसतो, आणि संगणक चालू केल्यावर प्रोसेसरच्या पूर्ण नावाऐवजी नुसतं `Genuine Intel(R) CPU` दिसतं. असा नमुना आज चालला, तरी उद्या बोर्डाचं बायोस बदललं की सुरू होईलच असं नाही. तो परत करावा.

खरी जोखीम बोर्डात आहे. बोर्डावर आणि खोक्यावर ‘एक्स99’ असं ठळक लिहिलेलं असतं. एक्स99 हे इंटेलच्या त्या काळच्या महागड्या चिपसेटचं नाव. चिपसेट म्हणजे यूएसबी, हार्ड डिस्क, आवाज, नेटवर्क ही सगळी दारं सांभाळणारी बोर्डावरची चिप. पण या स्वस्त बोर्डांपैकी अनेकांवर जुन्या घरगुती बोर्डांवरून उतरवलेली बी85 किंवा एच81 ही चिप असते. प्रोसेसर आणि चिपसेट यांना जोडणारा दुवा दोन्ही मालिकांत सारखाच असल्यामुळे ही जोडणी चालते. काम चालतं, पण यूएसबी आणि साटाची दारं कमी होतात, आणि संगणक ‘स्लीप’मधून नीट उठत नाही अशा तक्रारी येतात. दुकानदार खोटं बोलतोच असं नाही. त्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. लिनक्सची पेनड्राइव्ह लावून एक ओळ टाइप केली की कळतं:

```
lspci | grep -i "ISA bridge"
```

उत्तरात `C610/X99` दिसलं तर चिप नावाप्रमाणे आहे. `B85` किंवा `H81` दिसलं तर तुम्ही नावाचे पैसे देताय. विंडोजवर सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रामच्या ‘मेनबोर्ड’ पानावर हीच माहिती मिळते. बी85 असला म्हणून बोर्ड फेकून द्यायचा असं नाही, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्यावी.

दुसरी गोष्ट विजेची. हा प्रोसेसर 120 वॅटचा. एसएमपीएसकडून आलेले 12 व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागतो तेवढा दाब देण्याचं काम सॉकेटशेजारच्या छोट्या काळ्या चिप करतात. स्वस्त बोर्डात काटकसर नेमकी इथे केलेली असते. चिप कमी दर्जाच्या, वर ॲल्युमिनियमचा नखाएवढा तुकडा. दहा मिनिटं सगळं झकास चालतं. वीस मिनिटांचा रेंडर लावला की त्या चिप तापतात, प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो आणि विकत घेतलेले चौदा कोअर रांगायला लागतात. दुकानात ‘चालू करून दाखवतो’ म्हणतात, त्यात हे कधीच दिसत नाही. सगळ्या कोअरवर पूर्ण भार टाकून अर्धा तास थांबायचं आणि वेगाचा आकडा बघत राहायचं. या प्रोसेसरने सगळे कोअर चालू असताना साधारण 2.9 गिगाहर्ट्‌झला टिकलं पाहिजे. जाहिरातीतला 3.3 चा आकडा एक-दोन कोअर चालू असतानाचा आहे. जड गणिती कामात वेग थोडा कमी दिसतो, तेवढं चालतं. पण तो 1.2 पर्यंत घसरला, तर बोर्ड त्याला झेपत नाही.

रॅमचा गोंधळ वेगळाच. स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रॅम ‘रजिस्टर्ड’ असते. ती झिऑनवर चालते, घरच्या साध्या संगणकावर चालत नाही. तिच्यात साधी रॅम मिसळली तर संगणक सुरूच होत नाही. आणि समजा आठ-आठ जीबीच्या चार काड्या लावल्या, पण स्क्रीनवर 32 ऐवजी 24 जीबी दिसली, तर लगेच रॅमला दोष देऊ नका. रॅम सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो. कूलरचे चार स्क्रू कमी-जास्त आवळले गेले, तर प्रोसेसर एका बाजूला दबतो, सॉकेटच्या काही पिना नीट टेकत नाहीत आणि एक चॅनल गायब होतं. कूलर सैल करून समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे आवळत गेलं की बऱ्याचदा हरवलेली रॅम परत येते. नाही आली तर पिन वाकलेली आहे किंवा तो स्लॉटच मेलेला आहे.

आता पैशांचं बघू. सांगलीकडचा लग्नाचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ धरा. आकडे गोल आहेत, तुमच्या दिवशीचे भाव तुम्ही घाला. प्रोसेसर दोन हजार, बोर्ड सहा हजार, बरा कूलर दीड हजार, असे साडेनऊ हजार. समोर नवा इंटेल आय5-12400, चौदा हजार, आणि त्याचा साधा बोर्ड सहा हजार, म्हणजे वीस. कूलर खोक्यातच येतो. बचत साडेदहा हजारांची दिसते.

पण झिऑनमध्ये ग्राफिक्सचा भागच नाही. नुसता पडद्यावर डेस्कटॉप दिसायलासुद्धा ग्राफिक्स कार्ड लागतं. जुनं साधं धरलं तरी तीन हजार. एसएमपीएस थोडा दणकट हवा, त्याचे वरचे दीड हजार. उरले सहा. हा संगणक नव्यापेक्षा सरासरी 60 वॅट जास्त खात असेल आणि दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस चालत असेल, तर वर्षाला 180 युनिट जादा. बारा रुपये दराने 2,160 रुपये. पावणेतीन वर्षांत बचत शून्यावर येते, तीही मध्ये बोर्ड एकदाही गेला नाही तर. असल्या बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी कोणी देत नाही. विक्रेता महिना-तीन महिने देतो, तेही तोंडी.

आणि एवढं करून काम जलद होतं का? एका कोअरच्या वेगात 12400 हा या झिऑनच्या बराच पुढे आहे, आणि सहाच कोअर असूनही सगळे मिळून तो झिऑनच्या बरोबरीने किंवा थोडा पुढेच चालतो. एडिटिंगची खरी गोम तर वेगळीच आहे. हल्लीचे कॅमेरे एच.265 मध्ये, बऱ्याचदा 10 बिट 4:2:2 पद्धतीने शूट करतात. हे फुटेज उलगडण्याचं काम 12400 मधल्या ग्राफिक्सच्या भागात खास सर्किटने होतं. झिऑनकडे ते सर्किट नाही, आणि एनव्हिडियाच्या 50 मालिकेआधीच्या कार्डांनाही 4:2:2 जमत नाही. म्हणजे चौदा कोअर घामाघूम होऊनही टाइमलाइन अडखळतच राहते. या स्टुडिओसाठी झिऑन हा सरळ तोट्याचा सौदा आहे.

विंडोजचंही लक्षात ठेवा. विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. आडवाटेने ते बसवता येतं, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ग्राहकांची बिलं आणि जीएसटी ज्या संगणकावर आहे, तिथे हा खेळ नको.

मग हा प्रोसेसर कोणी घ्यावा? ज्याला रॅम खूप लागते आणि कोअरही खूप लागतात, त्याने. एका संगणकावर सात-आठ आभासी मशीन चालवून नेटवर्किंग शिकणारा, लिनक्सवर मोठे प्रोग्राम कंपाइल करणारा, घरी छोटा सर्व्हर ठेवणारा. 128 जीबी रॅम नव्या संगणकावर टाकायची म्हटलं की सगळं बजेट तिथेच जातं. सर्व्हरची उतरलेली रॅम त्या मानाने स्वस्त पडत आली आहे. मात्र 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव एकूणच चढलेत, तेव्हा आधी रॅमचा भाव विचारा आणि मगच प्रोसेसर घ्या. उलटं केलंत तर दोन हजारांचा प्रोसेसर टेबलावर पडून राहतो.

अशा माणसालाही माझं सांगणं एकच. चिनी बोर्डाऐवजी त्याच पिढीचं एचपी झेड440 किंवा डेल प्रिसिजन टी5810 हे वापरलेलं अख्खं वर्कस्टेशन बघा. जुन्या ऑफिसांतून निघालेली ही यंत्रं मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळू शकतात. त्यांत हाच प्रोसेसर आणि हीच रॅम चालते, चिपसेट अस्सल सी612 असतो, रॅमचे आठ स्लॉट असतात. व्ही4 प्रोसेसर टाकण्याआधी बायोसची आवृत्ती तेवढी तपासा. हवी ती कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. चिनी बोर्डाचं बायोस बिघडलं, तर कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून फाइल शोधून प्रोग्रामर यंत्राने चिपवर चढवावी लागते. वर्कस्टेशनचा तोटा एवढाच की एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचा असतो, तो गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला चालत नाही. तरीही पैसे मोजण्याआधी अर्धा तास पूर्ण भारावर चालवून बघणं आणि सगळी रॅम दिसते का ते मोजणं, हे इथेही सोडू नका. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.