हीथ्रोवर मागे फिरता येत नाही

मुंबईहून नऊ-दहा तास बसून लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलवर उतरलं की पाय आखडलेले असतात आणि बाकीचे प्रवासी झपाझप पुढे जाताना दिसतात. त्यांच्यामागे धावू नका. इथला एकेक टप्पा ओलांडला की मागे फिरता येत नाही, म्हणून ज्या टप्प्याचं काम तिथेच उरकायचं.

विमान बी किंवा सी इमारतीला लागलं तर मुख्य इमारतीपर्यंत जमिनीखालच्या चालकविरहित गाडीने जायचं. जांभळ्या पाट्या पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी असतात. आपण ‘अरायव्हल्स’ची पाटी धरायची.

इमिग्रेशनला काही देशांचे प्रवासी यांत्रिक फाटकातून निघून जातात. भारतीय पासपोर्टला ती सोय नाही, अधिकाऱ्यापुढे रांग लावावीच लागते. कुणाकडे उतरणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का, एवढंच बहुधा विचारतात. पत्ता आणि तिकीट हातातल्या पिशवीत हवं. बॅगेत टाकलेला कागद काय कामाचा? ती बॅग रांगेच्या पलीकडे फिरत असते.

आता समजा, पट्ट्यावर दोनपैकी एकच बॅग आली. पट्टा थांबला, माणसं पांगली. अशा वेळी थकलेला माणूस ‘नंतर फोन करू’ म्हणून बाहेर पडतो, आणि तीच मोठी चूक. विमान कंपनीचा सामान-कक्ष याच दालनात असतो. चेक-इनच्या वेळी मिळालेली दहा आकडी चिठ्ठी तिथे दाखवा, तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. बॅग फुटली असेल तरी तिथेच सांगा. आंतरराष्ट्रीय प्रवासात अशी लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते.

पुढे कस्टम्सचे हिरवा आणि लाल असे दोन मार्ग. आपल्या घरचा जीव इथे अडकतो. पेढे, खवा, साजूक तूप असे दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. लेकीसाठी मायेने बांधलेला डबा कचऱ्यात जाताना बघवत नाही, तेव्हा तो घरीच ठेवलेला बरा. चुकून आलाच असेल तर लाल मार्गाने जाऊन सांगून टाका. लपवलेलं सापडलं तर प्रकरण वाढतं.

बाहेर आलात की त्याच इमारतीच्या खाली स्टेशन आहे. पिकॅडिली लाइन इथूनच सुटते, त्यामुळे सामान घेऊनही बसायला जागा मिळते. शहराच्या मध्यापर्यंत साधारण तास लागतो. एलिझाबेथ लाइन त्याहून लवकर पोचवते. भाडं बँकेच्या कार्डाने भरता येतं, मात्र एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. माणशी एक कार्ड ठेवा आणि चढताना लावलेलं तेच कार्ड उतरतानाही लावा, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं.