एक शेअर, दोन भाव : मुंबई, न्यूयॉर्क आणि मधला विनिमय दर

इन्फोसिसचा शेअर मुंबईत रुपयांत विकला जातो आणि न्यूयॉर्कमध्ये डॉलरांत. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि दोनच वर्षांत बंगळूरला गेलेल्या या कंपनीच्या शेअरची भारतीय बाजारात नोंदणी 1993 ची. मार्च 1999 मध्ये ती अमेरिकेतील नॅस्डॅक बाजारातही नोंदली गेली. नॅस्डॅकवर नोंदली गेलेली ती पहिली भारतीय कंपनी. 2012 च्या डिसेंबरपासून तिचे अमेरिकेतील व्यवहार न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर होतात. कंपनी एकच, नफा एकच, लाभांशही एकच. तेव्हा दोन्हीकडचे भाव एकमेकांशी जुळायला हवेत, आणि साधारणपणे ते जुळतातही. ते जुळवतो विनिमय दर, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण विनिमय दर ही केवळ मोजपट्टी असते. भाव प्रत्यक्ष जुळतात ते एका बाजारातला शेअर उचलून दुसऱ्या बाजारात नेता येतो म्हणून. ही ने-आण जिथे अडते, तिथे मोजपट्टी जागेवर असूनही भाव फाकतात.

न्यूयॉर्कमध्ये जे विकले जाते तो खरे तर मूळ शेअर नसतो, त्याची पावती असते. मूळ शेअर भारतातल्या एका कस्टोडियन बँकेच्या ताब्यात राहतात आणि त्यांच्या आधारावर अमेरिकेतील डिपॉझिटरी बँक पावत्या काढते. या पावतीला बाजारात एडीआर म्हणतात. एका एडीआरमागे किती शेअर हे प्रत्येक कंपनी ठरवते. इन्फोसिसच्या एका एडीआरमागे आज एक शेअर आहे. आयसीआयसीआय बँकेच्या एडीआरमागे दोन, तर एचडीएफसी बँकेच्या एडीआरमागे तीन. दोन भावांची तुलना करताना सर्वांत ढोबळ चूक होते ती हे प्रमाण विसरल्यामुळे. इन्फोसिसचेच उदाहरण घेतले तर 1999 मध्ये दोन एडीआर मिळून एक शेअर होत असे. जुन्या आकड्यांना आजचे प्रमाण लावले, तर निम्म्या भावाचा भलताच फरक दिसू लागतो.

हिशेब साधा आहे. मुंबईत शेअरचा भाव 1,500 रुपये आणि डॉलरचा दर 85 रुपये आहे असे धरू. 1,500 ला 85 ने भागले की 17.65 डॉलर येतात. एडीआर याच भावाच्या आसपास हवा. तो 17 डॉलरला मिळत असेल, तर रुपयांत त्याची किंमत 1,445 होते, म्हणजे मुंबईपेक्षा 55 रुपये स्वस्त. अशा वेळी एखादी परदेशी संस्था न्यूयॉर्कमध्ये एडीआर विकत घेते, डिपॉझिटरीकडे देऊन तो रद्द करवते, कस्टोडियनकडून भारतातला मूळ शेअर मोकळा करून घेते आणि मुंबईत विकते. आलेल्या रुपयांचे डॉलर केले की फेरी पूर्ण होते. न्यूयॉर्कमध्ये खरेदी वाढल्याने तिथला भाव चढतो, मुंबईत विक्री वाढल्याने इथला उतरतो आणि अंतर मिटत जाते. बाजारात याला आर्बिट्राज म्हणतात.

हे अंतर शून्यापर्यंत मात्र मिटत नाही, कारण फेरीला खर्च येतो. एडीआर रद्द करण्यासाठी डिपॉझिटरी साधारणपणे प्रत्येकी पाच सेंटपर्यंत शुल्क घेते. वरच्या उदाहरणात ते सव्वाचार रुपये झाले. मुंबईत डिलिव्हरीने शेअर विकताना 0.1 टक्का एसटीटी, म्हणजे दीड रुपया. दोन्हीकडची दलाली आणि रुपयाचे डॉलर करताना बँक ठेवते तो फरक वेगळाच. सर्वांत महागडा खर्च वेळेचा. एडीआर विकत घेतल्यापासून मुंबईत शेअर हाती येईपर्यंत काही दिवस जातात, आणि तेवढ्यात शेअरही घसरू शकतो व रुपयाही. त्यामुळे पाच-दहा रुपयांच्या फरकासाठी कोणी हालचाल करत नाही. दोन भाव एका पट्ट्यात फिरत राहतात आणि पट्ट्याबाहेर गेले तरच ओढून आत आणले जातात.

इथवर रुपया स्थिर धरला. तो हलला की काय होते, हे जास्त मोलाचे आहे. डॉलर 85 वरून 87 वर गेला आणि मुंबईचा भाव 1,500 वरच राहिला, तर एडीआर 17.24 डॉलरवर यायला हवा. पण विनिमय दर फक्त दोन भावांचे गुणोत्तर सांगतो. त्या दोघांपैकी हलणार कोण, हे तो सांगत नाही. ते ठरते कंपनी कमावते कुठे त्यावरून. इन्फोसिसच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग उत्तर अमेरिकेतून येतो आणि पगाराचा मोठा खर्च रुपयांत होतो. रुपया घसरला की तिचा रुपयांतला नफा फुगतो, म्हणून मुंबईचा भाव वर सरकतो आणि एडीआर पुष्कळसा जागेवर राहतो. एचडीएफसी बँकेचे उलट. तिची कर्जे, ठेवी आणि व्याज जवळजवळ सगळे रुपयांत असते. रुपयाच्या घसरणीने तिच्या नफ्यात भर पडत नाही, म्हणून मुंबईचा भाव तसाच राहतो आणि घसरणीचा भार एडीआर घेतो. अमेरिकेतला गुंतवणूकदार एचडीएफसी बँकेचा एडीआर घेतो, तेव्हा तो नकळत रुपयाही विकत घेत असतो.

आता उलटा प्रसंग. एडीआर 17 ऐवजी 20 डॉलरला विकला जात असेल, तर रुपयांत तो 1,700 होतो, मुंबईपेक्षा 200 रुपये महाग. इथे मुंबईत शेअर घ्यायचा, त्याचा एडीआर करायचा आणि न्यूयॉर्कमध्ये विकायचा, असा मार्ग सुचतो. पण इन्फोसिसच्या इतिहासात हाच मार्ग बंद होता. 1999 मध्ये कंपनीने 34 डॉलर भावाने जेमतेम वीस लाख एडीआर विकले. अमेरिकेतील गुंतवणूकदारांना भारतीय संगणक उद्योगात शिरण्यासाठी फार थोडी दारे होती, मागणी मोठी होती आणि नवे एडीआर तयार होऊ शकत नव्हते. नियम असा होता की एडीआर रद्द करून शेअर घेता येई, मात्र शेअरचा एडीआर पुन्हा करता येत नसे. 2000 च्या तेजीत इन्फोसिसचा एडीआर मुंबईच्या भावाच्या कितीतरी वर गेला, आणि नंतरही बराच काळ त्यावर घसघशीत प्रीमियम राहिला. विनिमय दर रोज जाहीर होत होता, हिशेब कोणालाही करता येत होता, तरीही भाव जुळत नव्हते.

फेब्रुवारी 2002 मध्ये रिझर्व्ह बँकेने मर्यादित स्वरूपात दुसरी दिशा खुली केली. आधी रद्द झालेल्या एडीआरइतकेच नवे एडीआर भारतात शेअर खरेदी करून काढता येतील, असा नियम झाला. या शिल्लक जागेला हेडरूम म्हणतात. नियमाचा हेतू चांगला होता, पण प्रीमियम असलेल्या कंपनीत तो उपयोगी पडत नव्हता, आणि त्याचे कारण नियमाच्या रचनेतच होते. एडीआर महाग असताना तो रद्द करून स्वस्त शेअर कोण घेईल? रद्द करणारा कोणी नसला की हेडरूम तयार होत नाही, हेडरूम नसली की नवे एडीआर निघत नाहीत, आणि नवे एडीआर निघाले नाहीत की प्रीमियम टिकून राहतो. ज्या कंपनीचा एडीआर स्वस्त, तिथे मात्र दार उघडे असते आणि अंतर लगेच मिटते. म्हणून त्या काळातल्या आकड्यांत एडीआर शेअरपेक्षा खूप महाग असल्याची उदाहरणे सापडतात, खूप स्वस्त असल्याची फारशी नाहीत.

प्रीमियम कमी करण्यासाठी कंपनीनेच मध्यस्थी करण्याचा मार्ग उरला. याला प्रायोजित एडीआर विक्री म्हणतात. भारतातले भागधारक आपले शेअर देऊ करतात, कंपनी त्यांचे एडीआर करून अमेरिकेत विकते आणि पैसे त्या भागधारकांना मिळतात. कंपनीच्या तिजोरीत काही येत नाही. इन्फोसिसने हे तीनदा केले. त्यातली नोव्हेंबर 2006 ची विक्री सर्वांत मोठी, 53.50 डॉलर भावाने तीन कोटी एडीआर, म्हणजे सुमारे 160 कोटी डॉलरची. प्रीमियमचा फायदा एरवी फक्त न्यूयॉर्कमधल्या विक्रेत्याला मिळे; तो या मार्गाने इथल्या सामान्य भागधारकापर्यंत पोहोचला, ही या विक्रीची खरी कामगिरी मानली पाहिजे. अमेरिकेत एडीआरची संख्या वाढली तशी टंचाई ओसरली, आणि आज इन्फोसिसचे दोन्ही भाव एरवी जवळजवळ चालतात.

तरीही रोज सकाळी दूरचित्रवाणीवर एडीआर दोन-तीन टक्के वर किंवा खाली दिसतो. बहुतेक वेळा तो प्रीमियम नसतोच. मुंबईचा बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. न्यूयॉर्कचा बाजार भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो. दोन्ही बाजार एकाच वेळी कधीच चालू नसतात. साडेतीननंतर कंपनीने तिमाही निकाल जाहीर केले, तर त्यांचा पहिला भाव न्यूयॉर्कमध्ये ठरतो. मुंबईचा आदल्या दुपारचा भाव तेव्हा शिळा झालेला असतो. खरा फरक पाहायचा, तर न्यूयॉर्कचा रात्रीचा शेवटचा भाव त्या सकाळच्या डॉलर दराने गुणून मुंबईच्या सुरुवातीच्या भावाशी ताडावा. मुंबई त्याच पातळीवर उघडली, तर फरक बातमीचा होता. अनेक दिवस ताडूनही फरक तसाच उरला, तर ने-आणीच्या वाटेत काहीतरी अडले आहे असे समजावे. बोनस किंवा लाभांशाच्या दिवसांत आणखी एक खबरदारी लागते. तारखा दोन्ही बाजारांत वेगळ्या पडल्या, तर एक भाव बोनसपूर्वीचा आणि दुसरा नंतरचा असतो, आणि अशी तुलना निरर्थक ठरते.

हाच हिशेब उलटा मांडला, तर दोन भावांवरून विनिमय दर काढता येतो. अधिकृत दरावर कोणाचा विश्वास उरत नाही, अशा देशांत हे घडते. झिम्बाब्वे हे त्याचे ठळक उदाहरण. ओल्ड म्युच्युअल या विमा कंपनीची 1999 पासून लंडन, जोहान्सबर्ग आणि हरारे अशा बाजारांत नोंदणी होती आणि शेअर एका बाजारातून दुसऱ्यात नेता येत होता. हरारेतला झिम्बाब्वे डॉलरमधला भाव लंडनच्या पौंडातल्या भावाने भागला की लोक प्रत्यक्षात कोणत्या दराने चलन बदलायला तयार आहेत, ते कळे. 2008 मध्ये सरकारने महागाईचे आकडे देणे थांबवले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ स्टीव्ह हँके यांनी याच भावांच्या आधारे अंदाज काढला. नोव्हेंबर 2008 च्या मध्यावर महिन्याची महागाई 7,960 कोटी टक्क्यांवर पोहोचल्याचे त्यातून दिसले. हरारेतले व्यापारी वस्तूंचे भाव ठरवतानाही हा गर्भित दर पाहत असत.

2020 मध्ये झिम्बाब्वेचा चलनदर पुन्हा कोसळू लागला. मार्चमध्ये सरकारने ओल्ड म्युच्युअलचे शेअर बाहेरच्या बाजारांत नेण्यास बंदी घातली आणि जूनअखेर हरारेचा शेअरबाजारच काही आठवडे बंद ठेवला. बाजार ऑगस्टमध्ये उघडला, ओल्ड म्युच्युअलचे व्यवहार मात्र तेव्हा सुरू झाले नाहीत. लंडन आणि जोहान्सबर्गमध्ये शेअर विकला जात राहिला. पण दुसऱ्या बाजूला भागायला भावच नसल्याने त्यातून झिम्बाब्वेच्या चलनाचा दर काढता येईना.