विषय : गोष्टींची पुस्तके मागविण्याबाबत

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी मला आठवीतल्या मुलीचा अर्ज दाखवला. वहीचं पान, वर ‘विषय’ लिहून खाली रेघ, शेवटी ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’. सगळं शाळेत शिकवतात तसंच. मधला मजकूर मात्र वेगळा होता.

‘बाई, आपल्या कपाटात रामायण-महाभारताची पुस्तकं खूप आहेत, पण सगळ्यांत गोष्ट तीच. कर्णाची गोष्ट मला पाठ झाली. हिडिंबेचं पुढं काय झालं ते कुठंच नाही. माझी आजी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगते, ती कुठल्या पुस्तकात आहे? ग्रीक लोकांच्या देवांच्या गोष्टी मराठीत असतील तर त्याही मागवाव्यात.’

‘पौराणिक पुस्तकं हवीत’ एवढंच लिहिलं असतं, तर बाईंनी आणखी एक संक्षिप्त महाभारत घेतलं असतं. या अर्जात काय वाचून झालंय, काय सापडलं नाही आणि नेमकं काय हवंय, हे सगळं आलं होतं. त्यामुळे बाईंनी खरेदीच्या आधी कपाटं उघडली.

तिथे पहिला घोळ सापडला. ड्यूई पद्धतीत लोककथांचा क्रमांक ३९८.२, म्हणजे त्या समाजशास्त्राच्या कपाटात जातात. हिंदू पुराणं २९४.५ला, धर्माच्या कपाटात. ग्रीक-रोमन पुराणकथा २९२ला. आणि एखाद्या लेखकाने तीच गोष्ट कादंबरीत रंगवली की ती ८९१.४६ला, मराठी साहित्यात. वर्गीकरण म्हणून हे बरोबरच आहे, पण आठवीतल्या पोरीला ‘गोष्टी’ हव्या असतात आणि तिला ते कपाट कोणी दाखवत नाही. या शाळेत आसामच्या आणि बंगालच्या लोककथांची दोन पुस्तकं समाजशास्त्राच्या फळीवर कित्येक वर्षं जागची हललेली नव्हती. बाईंनी क्रमांक तसेच ठेवले आणि पुस्तकं एका फळीवर आणली. खर्च शून्य.

मग खरेदी. इथे पुराणकथा आणि लोककथा यांतला फरक कामाला येतो. पुराणकथेला ग्रंथाचा आधार असतो, म्हणून मुलांसाठी ती छाटताना काय गाळलं हे मूळ उघडून ताडता येतं. हिडिंबा नेमकी या छाटणीतच गळते. तिच्यासाठी बाईंनी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ दाखवला. तो संदर्भग्रंथ, घरी नेता येत नाही, पण एकेका व्यक्तीची हकिकत कुठल्या ग्रंथात काय आली आहे ते त्यात मिळतं. कर्णाला कंटाळलेल्या मुलीला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ दोन वर्षांनी द्यावं, असं बाईंचं मत. माझ्या मते आत्ताच द्यावं, निदान कुंतीवरचा लेख.

लोककथेला असा मूळ ग्रंथच नसतो. ती सांगणाऱ्यागणिक बदलते. भोपळ्यातली म्हातारी बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या ‘टुनटुनीर बोई’त आहे, इराणातही आहे. म्हणून लोककथांचा संग्रह घेताना एक गोष्ट आधी पाहावी : गोष्ट कोणी सांगितली, कुठल्या भागात, हे संकलकाने नोंदवलंय का. प्रस्तावनेतली दोन पानं वाचली की कळतं. मेरी फ्रियर या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीने १८६८मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा इंग्रजी संग्रह काढला. त्यातल्या गोष्टी तिला तिची आया अ‍ॅना लिबेराटा डिसोझा हिने सांगितल्या होत्या. अ‍ॅनाच्या आजोबांकडची माणसं मूळची लिंगायत, गोव्याकडे येऊन राहिलेली आणि पुढे ख्रिस्ती झालेली. पुस्तकात अ‍ॅनाची स्वतःची हकिकतही छापली आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका आयेचं नाव पुस्तकात येऊ शकलं. आजच्या रंगीत, गुळगुळीत कागदाच्या ‘निवडक लोककथां’त मात्र ना गाव असतं, ना सांगणारी. बऱ्याचदा शेवटी तात्पर्य तेवढं चिकटवलेलं असतं. अशी पुस्तकं स्वस्त पडतात आणि सवलतीच्या गठ्ठ्यातून शाळेत येतात.

चांगल्या संग्रहांची अडचण वेगळी. दुर्गाबाई भागवतांनी प्रांतोप्रांतीच्या लोककथा मराठीत आणल्या, पण अशी जुनी पुस्तकं मागितली की विक्रेता हमखास दुसरंच काही पुढे करतो. बाईंनी यादीत पुस्तकाच्या नावापुढे संकलकाचं आणि प्रकाशकाचं नाव घातलं आणि ‘बदली पुस्तक चालणार नाही’ असं खाली लिहिलं. त्यामुळे यादीतली काही आली, काही आलीच नाहीत. पण नको ते आलं नाही.

ग्रीक देवांचं काम अडलं. इंग्रजीत हवी तेवढी पुस्तकं मिळतात. आठवीला झेपेल आणि शाळेच्या अनुदानात बसेल असं मराठी पुस्तक बाईंना अजून मिळालेलं नाही. मागणीवहीत ती ओळ तशीच आहे आणि तिच्याखाली आता सातवीतल्या दोघांनी नॉर्वेकडच्या थॉरची मागणी लिहिली आहे.