फंडाचे पैसे नावात अडकले

साखर कारखान्यात तीस वर्षे फिटर म्हणून राबलेला एक माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसला. फंडाचा अर्ज कारखान्यामार्फत कागदावर भरून दिला. सोयाबीन निघाले, ऊस तुटायला आला, पण पैसे काही आले नाहीत. विचारायला गेला की कारखान्याचा कारकून म्हणे, "वर पाठवलंय." शेवटी पोराने चौकशी केली तेव्हा कळले, अर्ज केव्हाच नामंजूर होऊन परत आला होता!

मंडळी, असे तुमच्याही घरात घडू शकते. नियमाप्रमाणे अर्ज सर्व बाजूंनी बरोबर असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने तो वीस दिवसांत निकाली काढायचा असतो. त्याहून जास्त दिवस गेले तर वाट बघत बसू नका, कारण विचारा. यूएएन, म्हणजे फंडाचा बारा आकडी क्रमांक घालून संकेतस्थळावर Track Claim Status पाहिले की अर्ज कुठे आहे ते कळते. Rejected लिहिले असेल तर त्यापुढे कारणही असते.

आपल्या फिटरची कारणे दोन होती. पहिले नावाचे. कारखान्याच्या हजेरीपटावर भरतीच्या वेळी 'ज्ञानू' लिहिले गेले, तेच फंडात गेले. आधारकार्डावर मात्र 'ज्ञानदेव'. गावाला ठाऊक आहे दोघे एकच, पण संगणकाला ती दोन माणसे! नाव जुळत नाही म्हणून यूएएनला आधार जोडले गेले नाही, आणि म्हणून घरबसल्या अर्जही करता येईना. दुसरे कारण म्हणजे नोकरी सोडल्याची तारीखच कारखान्याने भरली नव्हती. ती नसेल तर कार्यालयाच्या लेखी माणूस अजून कामावरच असतो.

मग दुरुस्ती कशी करायची? आधी आधार, फंडाची नोंद आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवा. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक आधारमध्येच असेल तर ती आधी आधार केंद्रावर दुरुस्त करा. तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाई नको. फंडातली जन्मतारीख बदलायची असेल तर जानेवारी 2024 पासून नुसते आधार पुरावा म्हणून चालत नाही. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा.

फंडातली चूक 'संयुक्त घोषणापत्रा'ने सुधारते. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा असून आधाराने पडताळलेला असेल, तर Manage खालील Joint Declaration मध्ये सभासद स्वतः दुरुस्ती करू शकतो. त्याआधीच्या क्रमांकाला कारखान्याची मंजुरी लागते. आपल्या फिटरचा क्रमांक जुना, शिवाय आधार न जोडलेला. म्हणून कारखान्यानेच घोषणापत्र भरले, नाव 'ज्ञानदेव' झाले आणि मग आधार जोडले गेले. कारखाना बंद पडला असेल तर कागदी घोषणापत्र राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीच्या सहीने थेट फंड कार्यालयात द्यावे लागते.

सोडल्याची तारीख कारखान्याने भरायची. टाळाटाळ झाली, तर आधार जोडलेला सभासद शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी Mark Exit मधून स्वतः ती भरू शकतो.

बँकेकडेही लक्ष द्या. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, अशा बँकांचे जुने आयएफएससी क्रमांक आता चालत नाहीत. फंडात जुनाच असेल तर पैसे परत जातात. एप्रिल 2025 पासून बँक खाते जोडायला कारखान्याच्या मंजुरीची गरज उरलेली नाही.

सगळे जुळल्यावर नवा अर्ज करा, नामंजूर झालेला जुना आपोआप चालू होत नाही. फंडासाठी फॉर्म 19. नोकरी दहा वर्षांहून जास्त असेल तर पेन्शनसाठी फॉर्म 10 डी. इथे पुष्कळजण 10 सी भरतात आणि अर्ज परत येतो. तो दहा वर्षांहून कमी नोकरीवाल्यांचा.

आणि तरीही गाडी अडली तर? दर महिन्याच्या 27 तारखेला प्रत्येक जिल्ह्यात फंड कार्यालयाचे 'निधी आपके निकट' शिबिर भरते. सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. यूएएन, आधार, पासबुक आणि नामंजुरीचे कारण लिहिलेला कागद घेऊन जा. ग्रामसेवकांनी ही तारीख चावडीच्या फळ्यावर लिहून ठेवली, तर गावातल्या अनेक 'ज्ञानूं'ची खेप वाचेल.