न दुखणारी गाठ आणि पेनाने आखलेली रेघ

ट्रकवर दिवस काढणारा सांगलीकडचा एक चव्वेचाळीस वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर आणू या. हा कोणी खराखुरा एक माणूस नाही, कॅन्सर रुग्णालयांत सतत भेटणाऱ्या अनेकांची गोष्ट जोडून तो उभा केला आहे. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला काहीतरी आहे, हे त्याला दुखण्यामुळे कळलं नाही, पँटमुळे कळलं. एकच पाय घट्ट होऊ लागला. हात लावला तर लिंबाएवढा टणकपणा लागला. दाबलं तरी दुखत नव्हतं. बायको म्हणाली, "दाखवून या." तो म्हणाला, "चरबीची असेल, दुखत तर नाही." चार महिने गेले आणि लिंबाचा मोसंबीएवढा आकार झाला. मध्ये एकदा ट्रकमधून उतरताना तो घसरला होता. त्यामुळे मुका मार लागून रक्त साकळलं असावं, असंही घरात ठरून गेलं.

'दुखत नाही' या दोन शब्दांवर आपल्याकडे बऱ्याच गाठी घरी राहतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते खपूनही जातं, कारण मऊ ऊतींमधल्या, म्हणजे स्नायू, चरबी, नसा आणि त्यांच्या वेष्टणांमधल्या, साध्या गाठी कॅन्सरच्या गाठींच्या निदान शंभरपट असतात. अडचण उरलेल्या एकाची आहे. त्याचं नाव सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम एक टक्का. त्यामुळे कितीतरी फॅमिली डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत तो एखाद-दोनदाच भेटतो.

तो दुखत का नाही, याचं उत्तर मांडीच्या रचनेत आहे. मांडीत जागा भरपूर. गाठ तिथे वाढते ती शेजारच्या स्नायूंना बाजूला सारत, आणि स्नायू बिचारे सरकूनही घेतात. एखादी मोठी नस दाबली जाईपर्यंत किंवा गाठ हाडाला भिडेपर्यंत ठणका लागायचं कारणच नसतं. तापही नसतो, भूकही उत्तम. म्हणून दुखण्यावरून अंदाज न बांधता डॉक्टर वेगळे प्रश्न विचारतात. गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी आहे का? वाढते आहे का? एकदा काढून पुन्हा आली आहे का? आणि ती खोल आहे का? शेवटच्या प्रश्नाचा अंदाज हातानेही घेता येतो. मांडीचा स्नायू ताणायला सांगितला की कातडीखालची साधी चरबीची गाठ बोटांखाली पूर्वीसारखीच हलते. स्नायूच्या आतली मात्र जागच्या जागी घट्ट होते. ट्रकचालकाची तशीच घट्ट झाली असती, पण तेव्हा कोणी तपासलं नाही.

पुढे जे घडतं ते वाईट हेतूने घडत नाही, हे आधीच सांगायला हवं. तालुक्याच्या गावी सर्जन भला माणूस. सोनोग्राफीत 'गाठ, बहुधा लायपोमा' असं आलं. कंबरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला, मांडीवर आडवा छेद घेतला, कारण आडवा व्रण नंतर कमी दिसतो. गाठ सुरेख सुटून आली, पिकलेल्या गऱ्यातून आठळी निसटावी तशी. जखमेतलं पाणी बाहेर यावं म्हणून छेदापासून तीन-चार बोटं लांब एक नळी बसवली. नशीब एवढंच की काढलेली गाठ बादलीत न टाकता फॉर्मेलिनच्या बरणीतून पॅथॉलॉजीला गेली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला: सायनोव्हियल सार्कोमा, कडेला पेशी शिल्लक.

गाठ इतकी सुरेख सुटली हीच तर फसगत. सार्कोमा वाढताना आजूबाजूच्या ऊतींना दाबतो, आणि त्या दाबलेल्या थराचं एक आवरण तयार होतं. ते डोळ्यांना सालीसारखं दिसतं, पण खरी साल नसते. कॅन्सरच्या पेशी त्या थरात असतात आणि थराच्या पलीकडेही बारीक बोटांसारख्या शिरलेल्या असतात. आठळी हातात आली तरी गऱ्याला चिकटलेलं उरतं. अशा शस्त्रक्रियेनंतर तज्ज्ञांनी तीच जागा पुन्हा उघडली, तर पुष्कळ रुग्णांत मूळ रोग शिल्लक सापडतो. पहिल्या सर्जनने 'पूर्ण काढली' असं मनापासून लिहिलेलं असतं, तरीही.

शिवाय आता रोग एका जागी राहिलेला नाही. मांडीचे स्नायू पुढचे, आतले आणि मागचे अशा वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, आणि कप्प्यांमध्ये चिवट पडदे असतात. सार्कोमा बराच काळ एका कप्प्याच्या आत राहतो, हे पडदे सहज ओलांडत नाही. आडव्या छेदाने ते पडदे कापले गेले. ऑपरेशननंतर साकळलेलं रक्त जिथे जिथे झिरपलं, तिथे पेशी गेल्या असू शकतात. नळीच्या वाटेवरही. आता हे सगळं, आडवा व्रण, दोन कप्पे, नळीचं भोक, संशयित म्हणूनच काढावं लागतं. मांडीवर कापायचं ते उभं असतं, कारण स्नायू उभे आहेत. आडवा व्रण त्यात बसवायचा तर कातडीचा मोठा तुकडा जातो, आणि ती जागा झाकायला दुसरीकडची कातडी किंवा स्नायू आणून लावावा लागतो. रेडिएशनचा पट्टाही रुंद होतो. एमआरआय आता काढला तरी त्यात सूज, रक्त आणि उरलेली गाठ यांची सरमिसळ दिसते. मूळ गाठ कुठे आणि केवढी होती, हे सांगणारं पहिलं चित्र कधी काढलंच गेलं नव्हतं.

गावाकडे एक समजूत पक्की आहे: गाठीला हत्यार लागलं की कॅन्सर भडकतो. डॉक्टर मंडळी ती ऐकून वैतागतात, आणि बायोप्सीच्या सुईबद्दल ती चुकीचीच आहे. नीट आखून घातलेल्या सुईच्या वाटेने रोग पसरण्याचं प्रमाण फारच थोडं, आणि ती वाट नंतर काढताही येते. पण आखणी न करता चालवलेल्या सुरीबद्दल त्या समजुतीत थोडं तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. लोकांची भीती खोटी नव्हती, ती चुकीच्या हत्यारावर बसली होती.

बोस्टनच्या हेन्री मॅनकिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या 329 रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या 4.5 टक्के रुग्णांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सी चुकीच्या पद्धतीने झाल्यामुळे गमवावा लागला होता. बायोप्सी अंतिम उपचाराच्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात झाली असेल, तर गडबडी कितीतरी पटींनी जास्त होत्या. हा अभ्यास सर्जनांमध्ये गाजला. 1996 मध्ये 597 रुग्णांवर तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा चित्र फारसं सुधारलेलं नव्हतं: टाळता आला असता असा अवयवच्छेद 18 जणांचा झाला होता. चौदा वर्षं सगळ्यांना माहीत असूनही.

आता तोच ट्रकचालक, तीच मांडी, पण गाठ अजून हात न लावलेली. मुंबईतल्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, किंवा हाडांचे आणि सार्कोमाचे कॅन्सर सर्जन असलेल्या कुठल्याही रुग्णालयात, पहिला दिवस सुरीचा नसतो. आधी एमआरआय. तो बायोप्सीच्या आधीच काढायचा, कारण सुईने थोडं रक्त साकळलं तरी चित्र गढूळ होतं. त्यात गाठ कुठल्या कप्प्यात आहे, मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीपासून किती अंतरावर आहे, आतला कुठला भाग जिवंत आहे आणि कुठला मेलेला, हे दिसतं. छातीचा सीटी स्कॅनही होतो, कारण सार्कोमा बहुतेक वेळा आधी फुफ्फुसात जातो.

मग बायोप्सी. सर्जन रुग्णाला आडवं करून मार्कर पेनाने मांडीवर एक उभी रेघ ओढतो. उद्या मोठी शस्त्रक्रिया करायची झाली तर छेद इथून जाईल, अशी ती रेघ. सुई त्याच रेघेवर घालायची. सोयीचं दिसतं म्हणून बाजूने नाही. सुई रेडिओलॉजिस्ट घालणार असला, तरी रेघ सर्जनशी बोलूनच ठरते. जागा बधिर करून सोनोग्राफीवर बघत जाड सुई एकाच स्नायूतून आत जाते, रक्तवाहिन्या आणि नसा टाळून. दर वेळी 'टक्' असा आवाज होतो आणि शेवईसारखा एक बारीक तुकडा येतो. एकाच भोकातून असे चार-सहा तुकडे, गाठीच्या जिवंत भागातले. गाभ्यातला मेलेला भाग उचलला तर रिपोर्ट 'निदान करता आलं नाही' असा येतो आणि आठवडा वाया जातो. नंतर जागा काही मिनिटं दाबून धरतात, रक्त पसरू नये म्हणून. ते एक टिंब राहतं. पुढच्या शस्त्रक्रियेत ते कातडीसकट गाठीबरोबर निघून जातं.

गावोगावी होते ती बारीक सुईची तपासणी, एफएनएसी, इथे सहसा पुरत नाही. तिच्यातून सुट्या पेशी येतात. 'वाईट पेशी आहेत' एवढं त्या सांगू शकतात, पण सार्कोमाचे सत्तरहून जास्त प्रकार आहेत, आणि प्रकार व ग्रेड ठरवायला पेशींची मांडणी दिसेल असा तुकडाच लागतो. त्यावर खास रंगांच्या चाचण्या होतात, कधी जनुकाची तपासणीही. म्हणून रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात नातेवाईक फोन करून करून थकतात.

सुईने प्रत्येक वेळी काम होतं असंही नाही. तुकडे अपुरे आले तर छोटा छेद घेऊन बायोप्सी करावी लागते, पण तीही त्याच उभ्या रेघेवर, आणि नळी लावलीच तर छेदाच्या टोकाशी, त्याच ओळीत. दोन-तीन सेंटीमीटरची, कातडीखालची, हलणारी गाठ मात्र आसपासच्या थोड्या ऊतींसह थेट काढून तपासायला पाठवणं चालतं. प्रत्येक चरबीच्या गाठीसाठी एमआरआयच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोथेरपीचे डॉक्टर एकत्र बसून क्रम ठरवतात. ट्रकचालकासारख्या रुग्णाला कधी आधी पाच आठवडे रेडिएशन देतात, मग गाठ काढतात. त्याने क्षेत्र लहान राहतं, मात्र जखम भरायला त्रास होऊ शकतो, हे त्याला आधीच सांगितलं जातं. गाठ काढताना ती डोळ्यांना दिसतच नाही. तिच्याभोवती निरोगी स्नायूचं जाड आवरण ठेवून सगळा गोळा एकसंध उचलायचा असतो. असा पाय वाचवून नंतर रेडिएशन दिलेले रुग्ण, पाय कापलेल्या रुग्णांइतकेच जगतात का, हे अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने 43 रुग्णांत तपासलं. 1982 मध्ये निष्कर्ष आला: जगण्यात फरक नव्हता. तोपर्यंत मांडीतल्या मोठ्या सार्कोमाला अनेकदा पाय कापणं हाच उपचार समजला जाई.

आणि आडवा छेद आधीच झाला असेल तर? तेव्हाही दार बंद नसतं, फक्त काम वाढतं. पहिल्या सर्जनकडून ऑपरेशनची नोंद घ्यावी, आधीची सोनोग्राफी असेल तर तीही. आणि पॅथॉलॉजी लॅबकडे नुसता रिपोर्ट मागू नये, मेणाचे ब्लॉक मागावेत. नखाएवढ्या मेणाच्या त्या ठोकळ्यात ट्रकचालकाच्या गाठीचा तुकडा बसवलेला असतो, आणि कॅन्सर रुग्णालयातला पॅथॉलॉजिस्ट त्याचेच नवे पातळ काप घेऊन सगळं पहिल्यापासून बघतो. ब्लॉक प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात, वर नंबर लिहिलेला असतो. तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, हे लॅबच्या काउंटरवर उभं असतानाच बघून घ्यायचं.